त्या पत्रातले सत्तावीसशे रुपये

आज दुपारी आमच्या कारखान्याच्या कार्यालयात ज्युनिअर अकाउंटंटच्या जागेसाठी आलेले त्रेचाळीस अर्ज चाळत आम्ही तिघे बसलो होतो. त्यात नुकत्याच बी.कॉम. झालेल्या एका मुलीचे कव्हर लेटर माझ्या डोळ्यांदेखत नापसंत अर्जांच्या गठ्ठ्यात गेले. कारण विचारल्यावर सहकारी म्हणाले, "मॅडम, हिने पत्रात स्वतःची चूक लिहिली आहे. नोकरी मागताना असे कोणी लिहिते का?" मी ते पत्र गठ्ठ्यातून काढून घरी आणले आहे. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि माझा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

त्या मुलीने जे लिहिले, ते आधी सांगते. पत्र इंग्रजीत आहे आणि इंग्रजी कच्चे आहे. पदवीचे दोन ओळींत सांगून झाल्यावर ती थेट कामावर येते. कॉलेज करताना दोन वर्षे तिने गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा हिशेब टॅलीमध्ये ठेवला. महिन्याला खरेदीची साधारण १२० बिले असत. मार्चअखेरीस दुकानाच्या पुस्तकात बँकेची शिल्लक १,८४,३५० रुपये दिसत होती आणि बँकेच्या विवरणपत्रात २,१३,०३२ रुपये. फरक २८,६८२ रुपयांचा. दुकानाने दिलेले दोन धनादेश, एकूण ३१,५०० रुपयांचे, बँकेत अजून वटलेले नव्हते, त्यामुळे बँकेची शिल्लक तेवढी जास्त दिसत होती. उलट बँकेने कापलेले ११८ रुपयांचे शुल्क पुस्तकात घ्यायचे राहिले होते. या दोन्ही गोष्टी धरल्या तर बँकेत २,१५,७३२ रुपये दिसायला हवे होते, म्हणजे अजूनही २,७०० रुपयांचा मेळ लागत नव्हता.

यापुढचा परिच्छेद मी चार वेळा वाचला. ती लिहिते की रकमेतले दोन अंक उलटसुलट पडले की फरकाला नऊने पूर्ण भाग जातो आणि २,७०० ला तो जातो, म्हणून कुठेतरी तसेच झाले असावे असा तिला संशय आला. फरक नऊशेच्या तिप्पट आहे, तेव्हा हजार आणि शतकाच्या जागचे अंक आपसांत बदलले असतील आणि त्या दोन अंकांत तीनचे अंतर असेल, असा विचार करून तिने तशाच रकमा शोधल्या. एका पुरवठादाराला दिलेले ६,३०० रुपये पुस्तकात ३,६०० पडलेले सापडले. "ती नोंद माझ्याच हातची होती," असे तिने पुढे सरळ लिहिले आहे. नोंद दुरुस्त केली, शुल्काची नोंद घेतली, पुस्तकातली शिल्लक १,८१,५३२ वर आली आणि बँकेच्या शिलकेतून न वटलेले ३१,५०० वजा केल्यावर तिकडेही तोच आकडा आला.

मित्रहो, तुमच्यापैकी निम्मे लोक हिशेबाच्याच धंद्यात आहेत. या परिच्छेदाची किंमत मी तुम्हाला सांगायला नको.

माझी स्वतःची गोष्ट आज दिवसभर डोक्यात घोळते आहे. १९९६ साली मी पहिला अर्ज केला तो इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीत. टायपिंगच्या क्लासमधल्या नमुन्यावरून उतरवलेल्या त्या पत्रात मी प्रामाणिक, कष्टाळू असून मला हिशेबाचे सर्व ज्ञान आहे, असे लिहिले होते. तिथले मुख्य हिशेबनीस साठीचे होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी ते पत्र वाचून बाजूला ठेवले आणि पेढीचे पासबुक, रोजकीर्द व एक लाल पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "पोरी, यातला फरक काढ." मला सुरुवातच करता येईना. पासबुकात जमेला असलेली रक्कम आपल्या पुस्तकात नावे असते, हे मी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितले असते, पण समोर खरे पासबुक आल्यावर दोन्हीकडच्या बाजू उलट्या का दिसतात, तेच मला उमगेना. तासभर मी नुसती पाने उलटत बसले होते.

म्हणूनच आज आलेल्या बाकीच्या बेचाळीस पत्रांवर मला मुलांचा राग आला नाही. त्यांतल्या एकोणीस पत्रांत एकच वाक्य शब्दशः आहे: आपल्या नामांकित संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्यास मी उत्सुक आहे. आमच्या संस्थेत पंपाचे सुटे भाग तयार होतात, हे त्या एकोणीस जणांतल्या एकालाही लिहावेसे वाटले नाही. एका पत्रात तर दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच राहिले आहे. टॅली येते, एक्सेल येते, जीएसटीचे ज्ञान आहे, असे सगळ्यांनी लिहिले आहे. टॅली येते म्हणजे नेमके काय येते? व्हाउचर टाकता येते, की बँकेचा मेळ घालता येतो, की कालचे चुकलेले व्हाउचर शोधता येते? यातले काहीच त्या वाक्यातून कळत नाही. माझ्या १९९६ च्या पत्रातल्या "सर्व ज्ञान" या शब्दांतूनही अण्णांना काही कळले नव्हते, म्हणून तर त्यांनी पासबुक काढले.

राग आहे तो मुलांना हे शिकवणाऱ्यांचा. कॉलेजात येऊन चूक कधी कबूल करू नका, उणीव ताकदीसारखी मांडा, असे सांगणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. ही विक्रेत्याची भाषा हिशेबाच्या कामात घातक आहे, कारण या कामात चूक होणारच हे धरूनच सगळी व्यवस्था रचलेली आहे. तेरीज कशासाठी काढतात, बँकेचा मेळ दरमहा कशासाठी घालतात? जो माणूस चूक लपवतो, तो मेळ न लागणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून मोकळा होतो आणि वर्षअखेरीला लेखापरीक्षकांसमोर ती रक्कम कशाची, हे त्याचे त्यालाच आठवत नाही. अशी खाती मी निस्तरली आहेत. एका कारकुनाने सात महिने दर महिन्याचा फरक तिथे ढकलला होता आणि ते उलगडायला मला सबंध मे महिना लागला होता.

मान्य आहे, भाषा सुधारायला हवी, कारण पुरवठादारांना ईमेल तिलाच लिहावे लागतील.

आणि नऊचा नियम हा पुरावा नव्हे, हेही खरे. ३,००० च्या जागी चुकून ३०० पडले, तरी फरक २,७०० चाच येतो आणि त्यालाही नऊने भाग जातो. दोन वेगळ्या चुकांची बेरीज योगायोगाने तेवढी भरू शकते. पण या मुलीने ते गृहीत धरलेले नाही. आधी ३०० आणि ३,००० च्या नोंदी तपासल्या, त्यांत काही निघाले नाही, मग अंकांच्या अदलाबदलीकडे वळले, असे तिने कंसात लिहिले आहे. शोध कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबायचा, हे जिला कळते, तिला बाकीचे शिकवायला मला तीन महिने पुरतील.

आता लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे, तर पत्राचा शेवटचा भाग सांगते. आपल्याला काय येत नाही, हेही तिने लिहिले आहे. टीडीएसचे विवरणपत्र तिने कधी भरलेले नाही. जीएसटीचे विवरणपत्र दुकानाचे सल्लागार भरत, ती फक्त पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारे २बी हे विवरण उतरवून घेऊन खरेदीची बिले त्याच्याशी जुळवत असे. ४७,२०० रुपयांच्या एका बिलाचे उदाहरण तिने दिले आहे. माल ४०,००० चा, कर ७,२०० चा. बिल हातात होते, पण २बी मध्ये नव्हते, म्हणून त्या महिन्यात त्या कराची वजावट धरू नये, असे तिने सल्लागारांना कळवले आणि पुरवठादाराला फोन केला. त्याने ते बिल दुसऱ्याच कोणाच्या जीएसटी क्रमांकावर दाखवले होते. पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात त्याने दुरुस्ती केली आणि ७,२०० रुपयांची वजावट महिनाभराने दुकानाला मिळाली.

२० तारखेच्या आत ३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायचे असते, म्हणजे या जुळवणीला हातात जेमतेम सहा दिवस असतात. आमच्याकडे ज्युनिअरचे निम्मे काम या सहा दिवसांतले आहे. ते काम या मुलीने केले आहे, आणि त्यातला कोणता भाग आपला नव्हता, हेही स्वच्छ सांगितले आहे. "जीएसटीचे ज्ञान आहे" एवढे लिहून ती मोकळी होऊ शकली असती. मग मुलाखतीत मी विवरणपत्राबद्दल विचारले असते, तिला उत्तर आले नसते, आणि मी तिला खोटारडी ठरवले असते.

१९९६ मधल्या त्या दुपारी मला कोणी खोटारडी ठरवले नाही. तासाभराने मी अण्णांना म्हटले की मला हे येत नाही, पत्रात लिहिलेले खरे नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी पासबुकाच्या पहिल्या ओळीवर आणि रोजकीर्दीतल्या त्याच रकमेवर लाल खूण केली, मग दुसरी ओळ, मग तिसरी, आणि म्हणाले, "ज्याला दोन्हीकडे खूण मिळाली, ते विसर. उरले त्याच्याशीच आपले काम." मग पेन्सिल माझ्या हातात देऊन, उद्या सकाळी दहाला यायला सांगितले. मी त्या पेढीत सहा वर्षे होते.

माझ्या सहकाऱ्यांना मी वाईट ठरवत नाही. दिवसाला पन्नास अर्ज वाचणाऱ्याची नजर चुकीचे स्पेलिंग आधी टिपते, हे मला समजते. पण नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांकडे अनुभव नाही म्हणून आपण तक्रार करायची, आणि एखादीने दुकानातला खरा अनुभव आकड्यांसकट मांडला तर तो गबाळा वाटतो म्हणून बाजूला टाकायचा, हे मला मुळीच पटत नाही.

संध्याकाळी निघण्यापूर्वी मी तिला फोन केला. सोमवारी अकरा वाजता बोलावले आहे. तिने दोनदा विचारले की कोणती कागदपत्रे आणू, आणि मग जरा थांबून, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक अनुभवाचा दाखला देत नाहीत, त्यांचा फोन नंबर दिला तर चालेल का. मी चालेल म्हणाले. मागच्या महिन्याचे बँकेचे विवरणपत्र, आमच्या पुस्तकातल्या बँक खात्याची छापील पाने आणि दोन लाल पेन्सिली टेबलावर काढून ठेवल्या आहेत.