मेल खात्यातील नोट्स दुसरीकडे दिसत नाहीत म्हणून खाते काढून टाकू नका

«नोट्स जीमेलला सिंक केल्या की त्या खात्याने जिथे जिथे लॉगिन कराल तिथे त्या आपोआप दिसतात. दिसत नसतील तर सर्व्हरने उडवल्या असे समजा. फोनमधून खाते काढा, पुन्हा जोडा, सगळ्या नोट्स परत येतील. सर्वांना पाठवा.»

या संदेशात तीन विधाने आहेत. पहिले अर्धवट खरे आहे आणि दुसरे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. तिसऱ्यामुळे मात्र एरवी सुखरूप असलेल्या नोट्स खरोखरच नष्ट होऊ शकतात, आणि हे उत्तर मी प्रामुख्याने त्या तिसऱ्या विधानासाठी लिहीत आहे.

आधी ही नोट नेमकी काय असते ते पाहू. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून ते सर्व उपकरणांना दाखवण्याची पद्धत. आयफोनच्या नोट्स अॅपमध्ये जीमेल किंवा तत्सम आयमॅप खाते सुरू केले की त्या खात्यात `Notes` नावाचा एक फोल्डर तयार होतो. जीमेलमध्ये तो लेबल म्हणून दिसतो. तुम्ही लिहिलेली प्रत्येक नोट या फोल्डरमध्ये एक ईमेल म्हणून ठेवली जाते. नोटेची पहिली ओळ त्या मेलचा विषय होते, पाठवणारा म्हणून तुमचाच पत्ता येतो आणि मजकूर मेलच्या मुख्य भागात जातो. संगणकाच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडून अशा एखाद्या मेलवर `Show original` निवडले, तर वरच्या ओळींमध्ये पुढील खुणा सापडतात:

```
X-Uniform-Type-Identifier: com.apple.mail-note
X-Universally-Unique-Identifier: ...
X-Mail-Created-Date: ...
```

यातल्या पहिल्या ओळीवरून नोट्स अॅपला कळते की हा साधा मेल नसून नोट आहे. ही ओळ ज्यांना समजत नाही त्या सर्व प्रोग्रामांच्या दृष्टीने तो एका बाजूच्या फोल्डरमध्ये पडलेला एक मेल असतो. त्यामुळे दुसऱ्या उपकरणावर लॉगिन केले म्हणून नोट तिथल्या नोट्सच्या अॅपमध्ये उगवेल, ही अपेक्षाच चुकीच्या जागी ठेवलेली आहे. अँड्रॉइड फोनवर हीच नोट जीमेल अॅपमधील `Notes` या लेबलाखाली मेलच्या रूपात वाचता येते, पण तिच्यात बदल करता येत नाही. गूगल कीप या नोट्सच्या अॅपमध्ये ती येणार नाही, कारण कीपच्या नोंदी मेलपेटीत ठेवल्याच जात नाहीत. खाते एकच असले तरी साठवण्याची जागा वेगळी आहे. उलट बाजूनेही हाच घोटाळा होतो. आयक्लाउडच्या नोट्स पूर्वी मेलपेटीतूनच सिंक होत, परंतु 2015 मध्ये आयओएस 9 बरोबर आलेल्या नव्या पद्धतीत त्या मेलपेटीबाहेर गेल्या, म्हणून अद्ययावत केलेल्या आयक्लाउड नोट्स कोणत्याही मेल प्रोग्राममध्ये शोधून सापडत नाहीत.

दुसऱ्या उपकरणावर खाते पॉप या मेल उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीने जोडलेले असेल तर तिथे नोट्स दिसण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पॉप केवळ इनबॉक्समधील मेल उतरवून घेते आणि इतर फोल्डरांपर्यंत जातच नाही.

फोल्डर सर्व्हरवर असूनही न दिसण्याची दोन कारणे इतक्यांदा आढळतात की ती आधी तपासावीत. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये `Labels` या भागात प्रत्येक लेबलासमोर `Show in IMAP` अशी एक चौकट असते. `Notes` समोरची खूण कोणी काढली असेल, तर ब्राउझरमध्ये सर्व नोट्स दिसतात आणि आयमॅपने जोडलेल्या एकाही उपकरणाला मात्र तो फोल्डर अस्तित्वात असल्याचा पत्ता लागत नाही. दुसरे कारण थंडरबर्डसारख्या संगणकावरील मेल प्रोग्रामांत आढळते. हे प्रोग्राम मुळात फक्त ‘सबस्क्राइब’ केलेले, म्हणजे दाखवण्यासाठी निवडलेले फोल्डर दाखवतात, आणि फोनने परस्पर तयार केलेला फोल्डर त्या यादीत असेलच असे नाही. खात्याच्या नावावर उजवी क्लिक करून `Subscribe` उघडावे आणि `Notes` समोर खूण करावी, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

सर्व्हरने नोट्स उडवल्या की नाही हे ठरवायला अंदाजाची गरज नाही. ब्राउझरमध्ये मेल उघडा आणि शोधपट्टीत `label:notes` लिहा. आयमॅपची दुसरी सेवा असेल तर तिच्या वेबमेलमध्ये `Notes` फोल्डर उघडा. ब्राउझर थेट सर्व्हरवरची स्थिती दाखवतो, मधे कोणत्याही अॅपची साठवलेली प्रत नसते. नोट तिथे असेल तर ती उडालेली नाही आणि दोष दुसऱ्या उपकरणाच्या मांडणीत आहे. ती तिथे नसेल, तरी ‘उडवली’ म्हणण्याआधी ती तिथे कधी पोहोचली होती का, हे विचारले पाहिजे. माझ्या अनुभवात हरवलेल्या म्हणून सांगितल्या गेलेल्या बहुतेक नोट्स मूळ फोनच्या बाहेर कधी गेलेल्याच नव्हत्या.

याचे कारण असे की नोट्स अॅपमध्ये खात्याच्या गटाशेजारी `On My iPhone` असा आणखी एक गट असू शकतो. त्यातील नोट्स केवळ त्या फोनवर राहतात. यादी एकत्रित पाहण्याची सवय असली की कोणती नोट कोणत्या गटात आहे हे लक्षातच येत नाही, आणि नोट्सच्या सेटिंग्जमध्ये `Default Account` म्हणून हाच गट निवडलेला असेल तर नव्या नोट्स वर्षभर तिथेच जमा होत राहतात.

हे सर्व एकाच ठिकाणी एकत्र आलेले मी नुकतेच पाहिले. माझ्या एका सहकाऱ्याच्या फोनवर 38 नोट्स होत्या आणि लॅपटॉपवरील थंडरबर्डमध्ये एकही दिसत नव्हती. वर दिलेला संदेश वाचून तो फोनमधील खाते काढायला निघाला होता. आम्ही आधी ब्राउझर उघडला, तेव्हा `Notes` फोल्डरमध्ये 23 नोट्स सापडल्या. म्हणजे लॅपटॉपवर काहीच न दिसण्याचे कारण सबस्क्राइब न केलेला फोल्डर हे होते. खूण करताच त्या 23 तिथे आल्या. मग फोनवरची यादी गटांनुसार पाहिली. खात्याच्या गटात 31 नोट्स होत्या आणि `On My iPhone` मध्ये 7. खात्याच्या 31 पैकी 23 सर्व्हरवर होत्या, म्हणजे 8 नोट्स खात्यात असल्याचे फोन सांगत होता, पण सर्व्हरला त्या ठाऊक नव्हत्या. या आठही नोट्सच्या तारखा एका विशिष्ट दिवसानंतरच्या निघाल्या. त्या दिवशी त्याने लॅपटॉपवरून खात्याचा पासवर्ड बदलला होता. फोनवर तो मेल वाचण्यासाठी वेगळे अॅप वापरत असे, त्यात नवा पासवर्ड दिलेला होता. फोनच्या सेटिंग्जमधील खाते मात्र जुन्याच पासवर्डवर अडकून पडले होते आणि तिकडे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

आता तिसऱ्या विधानाकडे या. सेटिंग्जमधून खाते काढले की त्या खात्याच्या नोट्सची फोनवरची प्रत पुसली जाते. खाते पुन्हा जोडल्यावर फोन सर्व्हरवर जे आहे ते उतरवून घेतो, म्हणजे 23 नोट्स. उरलेल्या 8 नोट्सची जगातली एकमेव प्रत त्या फोनवर होती, आणि हा उपाय नेमकी तीच पुसून टाकणारा होता. खाते तसेच ठेवून केवळ त्यातील `Notes` चे बटण बंद केले तरी परिणाम हाच होतो, कारण ते बंद करतानाही फोनवरील नोट्स काढल्या जातात. ज्यांच्या सर्व नोट्स आधीच सर्व्हरवर पोहोचलेल्या असतात त्यांना या उपायाने खरोखर सर्व काही परत मिळते, आणि म्हणूनच हा सल्ला विश्वासाने पुढे पाठवला जातो. ज्याच्या काही नोट्स अडकलेल्या आहेत, म्हणजे ज्याला मदतीची खरी गरज आहे, त्याचे मात्र नुकसान होते.

आम्ही वेगळा क्रम धरला. त्या आठ नोट्स एकेक करून उघडल्या आणि शेअरच्या बटणातून त्याच्याच दुसऱ्या मेल पत्त्यावर पाठवल्या, म्हणजे पुढे काही बिघडले तरी मजकूर हाताशी राहिला असता. त्यानंतर सेटिंग्जमध्ये खात्याला नवा पासवर्ड दिला. नोट्सच्या यादीत जाऊन ती खाली ओढून ताजी केली आणि ब्राउझरमध्ये आकडा पाहत बसलो. इथे थोडा धीर धरावा लागतो. अशा खात्यांसाठी फोन मधूनमधून सर्व्हरकडे विचारणा करतो, आणि सेटिंग्जमधील `Fetch New Data` मध्ये ठेवलेला काळ 15 मिनिटांचा, तासाचा किंवा पूर्णपणे हाताने करण्याचाही असू शकतो. `Automatically` निवडलेले असेल तर पार्श्वभूमीतील विचारणा फोन चार्जिंगवर आणि वाय-फायवर असतानाच होते. म्हणून पाच मिनिटांत काही दिसले नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. थोड्या वेळाने ब्राउझरमधील आकडा 31 झाला.

उरलेल्या सात नोट्स `On My iPhone` मधून खात्याच्या फोल्डरमध्ये हलवायच्या होत्या. त्यांपैकी पाच केवळ मजकुराच्या होत्या आणि त्या `Move` वापरून सहज गेल्या. दोन नोट्समध्ये फोटो होते. मेलपेटीतून सिंक होणाऱ्या नोट्स साध्या असतात. फोटो, रेखाटने, खुणा करायच्या याद्या आणि कुलूपबंद नोट्स यांना त्यात जागा नसते. त्या दोन नोट्स आम्ही होत्या तिथेच ठेवल्या आणि त्यांतील मजकुराची प्रत तेवढी नव्या नोटेत घेतली.

आणखी एक गोष्ट आकडे जुळवताना गोंधळात टाकते. सर्व्हरवर ठेवलेला मेल आयमॅपमध्ये जागच्या जागी बदलता येत नाही. त्यामुळे नोटेत एक शब्द जरी दुरुस्त केला तरी अॅप नवा मेल चढवते आणि जुना काढून टाकते. मधेच नेटवर्क तुटले आणि जुना काढायचा राहिला, तर मेल प्रोग्राममध्ये एकाच नोटेच्या दोन प्रती दिसतात. विषय सारखा असेल तेव्हा दोन्हींचे `X-Universally-Unique-Identifier` ताडून पाहावे. ते एकच असेल तर ती एकाच नोटेची जुनी आणि नवी आवृत्ती असते, आणि मजकूर वाचून खात्री झाल्यावर जुनी काढायला हरकत नाही.

शेवटी ब्राउझरमध्ये आणि लॅपटॉपवर सारख्याच 38 नोट्स दिसू लागल्या: खात्यातील 31, हलवलेल्या 5 आणि प्रत घेतलेल्या 2. फोनमधील खाते एकदाही काढावे लागले नाही.