दहा मिनिटांत ‘डिले’ ठरवणाऱ्या त्या चेकलिस्टबद्दल

“नर्सरीच्या पालकांनो लक्ष द्या!! मूल खेळत असताना फक्त १० मिनिटं बघा आणि टिक करा. ३ वर्षांच्या मुलाला १) पेन्सिल तीन बोटांत धरता आली पाहिजे २) त्याने कायम एकच हात वापरला पाहिजे ३) कात्रीने रेषेवर कापता आलं पाहिजे ४) शर्टाची बटणं लावता आली पाहिजेत. दोन ‘नाही’ आले तर फाईन मोटर डिले आहे, लगेच थेरपी सुरू करा. खेळण्यात वेळ घालवू नका, रोज ट्रेसिंग करून घ्या. सगळ्या आयांना पाठवा.”

हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड सगळ्या आयांना पाठवलाच लोकांनी. माझ्या मावसबहिणीचा सिडकोवरून रात्री उशिरा फोन, आवाज रडवेला, की अगं चारही ‘नाही’ आलेत, आता कोणाकडे नेऊ याला. मुलगा तीन वर्षं एक महिन्याचा. मी बालवाडीत शिकवते, मुलांची निरीक्षणं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय कारण आमच्या शाळेच्या गेटवर पण हाच विषय चालू आहे.

सगळ्यात वाईट भाग म्हणजे ती दहा मिनिटं आणि ते हो-नाही. अहो, फ्री प्ले म्हणजे काय खेळायचं ते मूल ठरवतं. त्या वेळात त्याने नुसत्या गाड्या पळवल्या तर कात्रीपुढे काय लिहिणार तुम्ही? कात्रीला हात लावला नाही तरी ‘नाही’, आणि कात्री धरून बोटं उघडताच आली नाहीत तरी ‘नाही’, या दोन गोष्टी एकच आहेत का? खेळातून निरीक्षण करायचं तर तिसरा रकाना लागतोच, ‘दिसलं नाही’. तो रकाना भरला की दुसऱ्या दिवशी ती वस्तू खेळाच्या टेबलावर दिसेल अशी ठेवायची, हातात कोंबायची नाही, आणि परत बघायचं. एका दिवसावर काही ठरत नाही, झोप झालेली नसेल, सर्दी असेल, शेजारी दुसऱ्याचा छान डंपर असेल, सगळ्याचा फरक पडतो. दोन-तीन आठवडे, वेगवेगळ्या खेळांत, असं बघावं लागतं.

आणि टिकेपेक्षा काय दिसलं ते एका ओळीत लिहिलेलं जास्त कामाचं. बहिणीला म्हटलं, पेन्सिल बाजूला ठेव, उद्या तो पाण्याशी खेळेल तेव्हा फक्त बघ आणि मला लिहून पाठव. तिने पाठवलं ते असं: “सकाळी बादलीजवळ. झाकणाची छोटी बाटली. डाव्या हाताने बाटली धरली, उजव्याने झाकण फिरवलं, आधी उलट्या बाजूला, मग उघडलं. मी मदत केली नाही. नंतर चुरमुरे एकेक करून बाटलीत टाकले, अंगठा आणि पहिल्या बोटाने.” आता हे वाचा. एक हात वस्तू धरून ठेवतोय आणि दुसरा काम करतोय, मनगट फिरतंय, अंगठा आणि बोट चिमटीत नीट जुळतायत, एका बाजूने जमलं नाही तर तो दुसरी बाजू करून बघतोय. फाईन मोटर, म्हणजे हाताबोटांची बारीक कामं, म्हणतात ते हेच आहे, आणि फॉरवर्डच्या चारही मुद्द्यांत याला जागाच नाही. ‘रंगवतो, छान’ किंवा ‘पकड कमजोर’ असं लिहू नका, ते मत झालं. कुठली वस्तू, कुठला हात, कशी धरली, मदत लागली का, एवढंच लिहा.

पेन्सिलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. पण वय चुकलंय. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये सुधारलेली, कुठल्या वयात काय जमतं त्याची यादी घ्या, त्यात मुठीत न धरता बोटं आणि अंगठ्यात क्रेयॉन धरणं हे ४ वर्षांच्या यादीत आहे, ३ च्या नाही. ३ ला काय आहे? मोठे मणी किंवा मॅकरोनी ओवणं, काही कपडे स्वतः घालणं, काट्याने खाणं. काटा आपल्याकडे कितीशा घरांत असतो, तो मुद्दा सोडून द्या. आणि त्या यादीत एखादी गोष्ट कुठल्या वयापुढे येते? त्या वयाची निदान ७५ टक्के मुलं ती करू शकतात अशी अपेक्षा असेल तर. यादीवरून निदान करायचं नसतं, काळजी वाटली तर डॉक्टरांशी बोलायचं असतं.

शिवाय पकड वस्तूप्रमाणे बदलते. लांब क्रेयॉन दिला तर लहान मूल बऱ्याचदा मुठीत धरतं, तोच मोडून दोन सेंटीमीटरचा तुकडा द्या, मुठीत मावतच नाही, बोटांतच धरावा लागतो. कागद टेबलाऐवजी भिंतीला चिकटवला की मनगट मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात. म्हणून ‘पकड’ लिहिताना क्रेयॉन केवढा होता आणि कागद कुठे होता तेही लिहा, नाहीतर त्या नोंदीला काही अर्थ नाही.

एकच हात वापरला पाहिजे हे तर उलटंच आहे. तिसऱ्या वर्षी हात बदलत राहणं अगदी नॉर्मल, पुष्कळ मुलांचा हात चार ते सहाच्या दरम्यान पक्का होतो. आणि कृपा करून डावा हात दिसला म्हणून चमचा उजव्यात देऊ नका.

कात्री आणि बटणं पटकन सांगते. तीनला कडेकडेने नुसते कट मारता आले तरी पुष्कळ, रेषेवर कापणं नंतरचं. बटणं काढणं सीडीसीच्या यादीत ४ ला आहे आणि लावणं ५ ला. झालं.

वयाचा अजून एक घोळ. आपल्याकडे नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ पूर्ण लागतात, म्हणजे जूनमध्ये एकाच वर्गात अडीच वर्षांचं मूल आणि साडेतीनच्या जवळपासचं मूल शेजारी शेजारी बसतं. त्या दोघांना एकच लिस्ट लावणार? नोंदीवर वर्ष नाही, महिने लिहा.

ट्रेसिंगचं म्हणाल तर २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, पायाभूत स्तराचा, साफ सांगतो की या वयात परीक्षा-चाचण्या अयोग्य आहेत, मूल्यमापन निरीक्षणातून आणि मुलाच्या कामातून करा. तुटक रेषेवर पेन्सिल फिरवताना तुम्हाला हाताची एकच हालचाल दिसते. कणकेचा गोळा चिमटताना, मटार सोलताना, द्राक्षाच्या घडातून एकेक मणी खुडताना दहा दिसतात, तेवढी ती द्राक्षं उभी चिरूनच मुलाला खायला द्या, घशात अडकतात.

आता खरंच कधी दाखवायचं? एक हात मूल जवळजवळ वापरतच नसेल किंवा तो सतत मुठीतच राहत असेल, काही उचलताना हात थरथरत असेल, आधी जमणारी गोष्ट बंद झाली असेल, किंवा संधी देऊनही बरेच आठवडे दोन्ही हात मिळून कुठलंच काम होत नसेल, तर थांबू नका, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम तपासणीला येते तेव्हाही दाखवता येतं. जाताना त्या चार टिका नेऊ नका, तारखेसकट लिहिलेल्या नोंदी न्या, आणि शक्य असेल तर खेळतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात मुलाचे हात दिसतायत, चेहरा नसला तरी चालेल.