गोड बोलणाऱ्या ग्राहकाचा गोषवारा

आमच्या कंपनीत ग्राहकाशी झालेल्या प्रत्येक कॉलचा गोषवारा तीन रकान्यांत भरावा लागतो: ग्राहकाची भावना, नूतनीकरणाला असलेला धोका आणि ग्राहकाने मागितलेल्या सोयी. ज्याने हा तक्ता आखला त्याने बेळगावच्या कारखानदाराशी कधी फोनवर बोलून पाहिलेले नसावे, कारण इथे माणूस चहा पाजल्याशिवाय भांडत नाही आणि सोडून जायचे ठरले की मुळीच भांडत नाही.

परवा माझ्या वाट्याला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या कॉलचा गोषवारा आला. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्याकडे आमचे स्टॉक आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर तीन वर्षे चालू आहे आणि करार 31 मार्चला संपतो. कॉलची उतरून आलेली प्रत वाचली तर भावनेच्या रकान्यात पेढे वाटावेत अशी स्थिती होती. ‘फारच छान’, ‘उत्तम’, ‘एक नंबर’ हे शब्द पानोपानी सापडत होते. मग ध्वनिफीत लावून कोण काय बोलले ते ताडून पाहिले, तेव्हा त्यातले निम्म्याहून अधिक शब्द आमच्याच अकाउंट मॅनेजरचे निघाले. मोबाईल स्पीकरवर ठेवला होता, मागे ग्राइंडर चालू होता, आणि प्रतीत मॅनेजरची वाक्ये अण्णांच्या नावावर जमा झाली होती. स्वतःच्या मालाची स्तुती स्वतः करून तिची नोंद ग्राहकाच्या खाती टाकण्याची ही सोय आमच्या विक्री विभागाला कळली नाही तर बरे. त्यामुळे आधी बोलणारे वेगळे करायचे आणि भावना केवळ ग्राहकाच्या वाक्यांवरून ठरवायची, एवढे पथ्य मी पाळते.

अण्णांची स्वतःची वाक्ये उरली तीही गोडच होती. “तुमचं चांगलंच आहे की हो, आमचीच माणसं शिकत नाहीत,” असे ते म्हणाले. भावनेत मी ‘सौजन्यपूर्ण’ लिहिले आणि धोक्याकडे वळले, कारण धोका माणसाच्या विशेषणांत नसतो, तो त्याच्या प्रश्नांत असतो. अण्णांनी सहज विचारले होते, “ते सगळं एक्सेलमध्ये निघतं न्हवं?” फेब्रुवारीत हा प्रश्न कुणीही विचारतो, वर्षअखेर जवळ येते, सीए मागे लागतात. पण सीएला ताळेबंद आणि लेजर लागते. अण्णांना हवी होती आयटम मास्टर आणि पार्टी मास्टरची फाईल, म्हणजे प्रत्येक मालाचा कोड, एकक, दर आणि प्रत्येक पार्टीचा पत्ता, जीएसटी क्रमांक. ही फाईल लेखापरीक्षकाच्या फारशा कामाची नाही. ती लागते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशी चढवायला.

दुसरी खूण प्रतीत शब्दरूपाने नव्हतीच. नूतनीकरणाचा दर सांगितल्याची ध्वनिफितीवरची वेळ मिनिट-सेकंदांत 18:42 होती आणि अण्णांचे पुढचे वाक्य 18:55 ला होते, ते वाक्य पावसाविषयी. मधले तेरा सेकंद कागदावर उमटत नाहीत. वेळेचे आकडे पाहिले तरच दिसतात. त्यात स्टोअरचा जो पोरगा आमचे सॉफ्टवेअर चालवायचा तो नोकरी सोडून गेला आहे आणि यापुढचा निर्णय अण्णांचा बेंगळुरूहून परतलेला मुलगा घेणार आहे, हेही ओघात आले होते. मी ‘धोका: जास्त’ असे लिहून खाली चारही पुरावे वेळेसकट आणि अण्णांच्याच शब्दांत मांडले. ‘ग्राहक जाणार’ असे मात्र लिहिले नाही. तसे अण्णा म्हणाले नव्हते. त्याऐवजी ती फाईल नेमकी कुणाला हवी आहे हे मुलाला विचारावे, असे सुचवले.

मागितलेल्या सोयींत अकाउंट मॅनेजरने सात गोष्टी कळवल्या होत्या. त्यातल्या पाच त्यानेच सुचवल्या होत्या आणि अण्णांनी “चालतंय की” म्हटले होते. पाहुण्याने आणखी एक पोळी वाढू का विचारल्यावर मान हलवावी, तेवढाच त्या होकाराचा अर्थ. खऱ्या मागण्या दोनच. कास्टिंग नगावर मोजून पाठवतात पण बिल किलोवर होते, म्हणून चलनावर दोन्ही आकडे हवेत. आणि मशिनिंगला बाहेर दिलेला माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, म्हणून कुठल्या चलनातले किती नग अजून बाहेर आहेत याची यादी हवी. ती यादी सध्या अण्णांचे मेहुणे वहीत ठेवतात. मी सोयीच्या नावाबरोबर ही वहीही नोंदली, नाहीतर सॉफ्टवेअर बनवणारे आमचे पुण्यातले लोक त्याला ‘रिपोर्ट सुधारणा’ म्हणून ढकलून देतात.

साहेबांना गोषवारा पटला नाही. “ग्राहक एवढा खूश आहे, मग लाल रंग कशाला?” असे म्हणून त्यांनी माझ्यासमोरच अण्णांना फोन लावला. अण्णांनी त्यांना कुंदा खायला यायचे आग्रहाचे निमंत्रण दिले, सॉफ्टवेअरची मनापासून तारीफ केली आणि जाता जाता विचारले, “ते मास्टरचं एक्सेल तेवढं शनिवारच्या आत मिळंल काय?”