कर्म, धर्म, माया आणि तीन बरोबरच्या खुणा

इंग्रजीत गेलेल्या आपल्या शब्दांबद्दल एक मत ऐकू येतं: ‘कर्मा म्हणजे जसं कराल तसं भराल, धर्मा म्हणजे रिलिजन, माया म्हणजे इल्यूजन. इंग्रजीने आपले शब्द अर्थासकट घेतले, जगाला ते कळले. आता भाषांतर होत नाही म्हणून उगाच गूढ वाढवू नका.’

शेवटचं वाक्य मला निम्मं पटतं, त्याकडे येतोच. आधी कर्म, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे.

गाडीवाला सिग्नल तोडतो, पुढच्याच चौकात पोलीस त्याला धरतो आणि व्हिडिओखाली लोक लिहितात, ‘इन्स्टंट कर्मा’. हा प्रसंग कर्माचा विचार करणाऱ्या जुन्या मंडळींपुढे ठेवून बघा. वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारा मीमांसक म्हणेल, दंड झाला ते दृष्ट फळ. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर आहेत, यात सिद्धान्त लागतोच कुठे? त्याची अडचण वेगळी होती. यज्ञ आज आटोपला आणि स्वर्ग मिळणार मेल्यावर. मधल्या काळात कृती तर संपून गेली, मग फळ येतं कशातून? या फटीसाठी मीमांसकांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली. म्हणजे फळाला होणारा उशीर हाच मूळ प्रश्न, आणि ‘इन्स्टंट’ म्हणताना नेमका तोच गायब होतो.

वेदान्ती आणखी गुंता करेल. आज तोडलेला सिग्नल हे क्रियमाण, त्याचं अदृष्ट फळ संचितात जमा होणार. आज वाट्याला येतंय ते प्रारब्ध, म्हणजे जुन्या संचितातला फळायला लागलेला भाग, तोही कदाचित भलत्याच जन्मातला. शंकराचार्यांच्या मते ज्ञान झालं की संचित जळतं, पण प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखं वेग संपेपर्यंत चालतच राहतं. त्यामुळे ज्ञानी माणूस आजारी पडला, तर त्याला कोणी ‘भोग आपल्या पापाची फळं’ म्हणून हिणवायचं कारण नाही.

बौद्ध तिसरंच विचारेल: सिग्नल कशासाठी तोडला? अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात बुद्धांचं वचन आहे, ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, हेतूलाच मी कर्म म्हणतो. गाडीत अत्यवस्थ रुग्ण असेल तर हिशेबच बदलला. आणि जैनांकडे कर्म हे चक्क द्रव्य आहे. राग, लोभ अशा कषायांमुळे जीवाला चिकटणारे पुद्गल, म्हणजे सूक्ष्म जड कण, त्यांचे ज्ञानावरणीय, मोहनीय, आयु वगैरे आठ प्रकार. इथे ‘कराल तसं भराल’ पूर्ण चूक नाही, पण एवढ्या भांडणातून उरलेला चोथा आहे. त्यात दुसऱ्याची फजिती बघण्याचा आनंद इंग्रजीने आपल्या पदरचा घातला. गंमत अशी की मराठीत ‘कर्मधर्मसंयोगाने’ म्हटलं की आपल्याला निव्वळ योगायोग अभिप्रेत असतो.

मायेचं थोडक्यात. ऋग्वेदात इंद्र ‘मायाभिः पुरुरूप ईयते’, आपल्या मायांनी अनेक रूपं घेत फिरतो. तिथे माया म्हणजे घडवण्याची अद्भुत शक्ती. अद्वैतात ती ‘अनिर्वचनीय’ ठरते: सत् म्हणता येत नाही, कारण ज्ञान झालं की ती टिकत नाही, असत् म्हणता येत नाही, कारण जग तर दिसतं, ठेच लागते. इल्यूजन म्हटलं की दुसरी बाजू सुटते आणि ‘जग खोटं आहे म्हणे’ अशी चेष्टा सुरू होते. मराठीने तर आणखी मजल मारली. आजीची माया, गोळा केलेली माया आणि शिवताना कपड्याला सोडलेली माया, सगळं एकाच शब्दात. त्यामुळे शब्द परक्या भाषेत जाऊन बदलला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ‘माया = इल्यूजन’ यातल्या बरोबरच्या खुणेबद्दल आहे.

राहिला धर्म. रिलिजन माणसाला सहसा एकच असतो. धर्म मात्र एकाला एकाच वेळी अनेक असतात आणि ते एकमेकांच्या आड येतात. अर्जुनाची पंचाईत तीच, कुलधर्म एकीकडे ओढतो, क्षात्रधर्म दुसरीकडे. रिलिजन घातला तर त्याचा पेचच उरत नाही. फॉर्मवरच्या ‘धर्म’ या रकान्यात हा जुना अर्थ मावत नाही, आणि आता आपणही बरेचदा त्या रकान्यापुरताच शब्द वापरतो.

पण म्हणून भाषांतर अशक्य, हेही मला आळशीपणाचं वाटतं. कंदाहारला 1958 साली अशोकाचा ग्रीक आणि अरमाइक असा द्विभाषिक लेख सापडला. त्यात ‘धम्म’साठी ग्रीकमध्ये ‘युसेबिया’ आहे, म्हणजे श्रद्धापूर्वक नीट वागणं. अरमाइकमध्ये मात्र ‘सत्य’ या अर्थाचा शब्द आहे. राजा तोच, शिळा तीच, पण वाचक वेगळे म्हणून शब्द वेगळे निवडले गेले. दोन्ही भाषांतरकारांपैकी कोणीही ‘धम्म’ तसाच उतरवून वाचकाला त्याच्या नशिबावर सोडलं नाही.