बीपी १३४/८०, तरीही तिन्ही गोळ्या हातात ठेवा

फिरणाऱ्या नोट्समधला मजकूर असा: “बीपीच्या सगळ्या गोळ्यांचं काम एकच, बीपी उतरवणं. त्यामुळे गोळी देण्याआधी फक्त बीपी बघा. वरचा आकडा १०० किंवा जास्त असेल तर द्या, कमी असेल तर सगळ्या थांबवा. मेकॅनिझम, पोटॅशियम हे परीक्षेपुरतं पाठ करा.”

पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करू. बीपी उतरणं हा शेवट झाला. त्या शेवटापर्यंत प्रत्येक गट आपापल्या वाटेनं जातो, आणि पेशंटला त्रास होतो तो त्या वाटेवरच. मेटोप्रोलॉल हृदयावरचे बीटा रिसेप्टर अडवतं, म्हणून ठोके मंदावतात. रॅमिप्रिल अँजिओटेन्सिन दोन तयार होऊ देत नाही. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, पण अल्डोस्टेरॉनही घटतं आणि मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवतं. स्पायरोनोलॅक्टोन थेट अल्डोस्टेरॉनलाच आडवं येतं, म्हणजे पोटॅशियम पुन्हा वरच. थायझाइड आणि फ्युरोसेमाइड मात्र पोटॅशियम लघवीवाटे घालवतात. आता यांतला एकही त्रास बीपीच्या पट्ट्यावरच्या आकड्यात दिसेल का? रॅमिप्रिलवर असलेल्या पेशंटचे ओठ आणि जीभ सुजायला लागतात तेव्हा बीपी अगदी सुरेख असू शकतं. ही सूज पहिल्या आठवड्यातही येते आणि वर्षानुवर्षं गोळी निमूट चालल्यावरही येते. आवाज घोगरा झाला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर श्वासनलिकेचा धोका समजून लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

“फक्त बीपी बघा” हे कागदावर किती सोपं वाटतं, ते एका चार्टवर लावून बघू. समजा ६४ वर्षांच्या बाई आहेत. दोन दिवस जुलाब, खाणंपिणं जवळजवळ बंद. सकाळी ८ वाजता द्यायच्या गोळ्या तीन: मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, रॅमिप्रिल ५ मिलिग्रॅम आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम. झोपून घेतलेलं बीपी १३४/८०. नोट्सच्या नियमानं तिन्ही गोळ्या पोटात गेल्या असत्या.

आता त्यांना सावकाश उभं करा, आधार द्या आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा बीपी घ्या. १०८/७०, आणि “गरगरतंय” म्हणून त्या पलंग धरतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर त्याला उभं राहिल्यावरचं लो बीपी म्हणतात. इथे २६ ची घसरण आहे, म्हणजे शरीरातलं पाणी कमी पडलंय. मग नाडी. मशीनवरचा आकडा उचलू नका. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, कारण ठोके अनियमित असतील तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मोजल्यावर येतात ४८.

ही ४८ ची नाडी थोडी थांबून बघण्यासारखी आहे. एवढं पाणी गेल्यावर हृदयानं धावायला हवं होतं, शंभराच्या पुढे. ते धावत नाही, कारण बीटा ब्लॉकरनं त्याला धरून ठेवलंय. म्हणूनच या गटावर असलेल्या पेशंटची नाडी मंद आहे म्हणून “ठीक आहेत” असं समजायची सोय नसते. मधुमेही पेशंटमध्येही हीच गंमत होते: साखर उतरली तरी धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो.

मग सकाळचे रिपोर्ट उघडा. क्रिएटिनिन भरती होताना १.०, आज १.९. पोटॅशियम ६.१. रक्त कमी असताना मूत्रपिंड आपला दाब टिकवतं ते अँजिओटेन्सिन दोनच्या जोरावर: गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी आवळून. रॅमिप्रिलनं तोच आधार काढून घेतलेला असतो, म्हणून गाळणं मंदावतं. गाळणं मंदावलं की पोटॅशियम साचतं. साचलेलं पोटॅशियम आणि बीटा ब्लॉकर मिळून हृदय आणखी मंद करतात, त्यानं मूत्रपिंडाला रक्त आणखी कमी मिळतं, आणि हे चक्र फिरत राहतं. अशा वेळी पुढचा डोस म्हणजे त्याच चक्राला आणखी एक धक्का. आणि हे सगळं घडत असताना झोपलेल्या पेशंटचं बीपी १३४/८०.

तेव्हा तिन्ही गोळ्या थांबवून डॉक्टरांना लगेच कळवायचं, राउंडची वाट न बघता. फोनवर नुसतं “पोटॅशियम जास्त आलंय” एवढंच सांगू नका. नाडी, उभं राहिल्यावरचं बीपी, क्रिएटिनिन कितीवरून किती झालं आणि लघवी किती झाली, हे एका दमात सांगा. ईसीजीची तयारी ठेवा. टी लाटा उंच टोकदार झाल्या असतील किंवा क्यूआरएस रुंदावला असेल तर हृदयावर परिणाम सुरू झालाय. रक्त काढताना नमुन्यातल्या पेशी फुटल्या असतील तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येऊ शकतं, म्हणून नमुना पुन्हा पाठवण्याबद्दल विचारा. पण ४८ ची नाडी समोर असताना दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. चार्टवर आणखी एक नजर: अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक लिहिलंय का? पोटॅशियमचं सिरप चालू राहिलंय का? दोन्ही याच आगीत तेल ओततात.

आता नियमाचा दुसरा भाग, “१०० च्या खाली सगळ्या थांबवा”. मला विचाराल तर पहिल्या भागापेक्षा हा जास्त घातक, कारण यात सावधपणाचा आव आहे. क्लोनिडिन मेंदूतून येणारे सिम्पथेटिक संदेश कमी करतं. नियमित घेणाऱ्याचे डोस एकदम बंद केले तर तेच संदेश उसळून येतात: घाम, अस्वस्थपणा, धडधड आणि बीपी आधीपेक्षाही वर. बीटा ब्लॉकर अचानक तोडला तर छातीत दुखणं, प्रसंगी हार्ट अटॅकही. हार्ट फेल्युअरच्या काही पेशंटचा वरचा आकडा नेहमीच ९५ च्या आसपास असतो, आणि त्यांना या गोळ्या हृदयासाठी मुद्दाम दिलेल्या असतात. म्हणून ऑर्डरमध्ये गोळी कोणत्या आकड्याला थांबवायची ते लिहिलंय का, हे आधी बघा. नाडीसाठी ६० आणि वरच्या बीपीसाठी १०० हे आकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात, पण ते “विचारा” असं सांगणारे आकडे आहेत. पेशंटला चक्कर आहे का, हात गार पडलेत का, लघवी होतेय का, हे सांगून मग विचारा.

अर्थात प्रत्येक गोळीला एवढा पसारा लागत नाही. अमलोडिपिनला पोटॅशियमचा रिपोर्ट शोधत बसू नका, घोटे बघा. तिथली सूज शरीरात पाणी साठल्यानं आलेली नसते. बारीक धमन्या सैलावून केशवाहिन्यांतला दाब वाढतो, म्हणून त्या सुजेवर फ्युरोसेमाइड फारसं चालत नाही. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल अमलोडिपिनच्याच, कॅल्शियम अडवणाऱ्या गटातली, पण ती ठोके मंदावतात, म्हणून तिथे नाडी मोजायचीच. मेटोप्रोलॉलसोबत चार्टवर दिसली तर देण्याआधी हमखास विचारायचं. आणि गर्भवतीच्या चार्टवर रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन दिसलं तर बीपी कितीही असो, गोळी पाकिटातच राहू द्या आणि फोन करा. गर्भाच्या मूत्रपिंडाला त्यानं इजा होते.

चार्टवर “डोस दिला नाही” एवढंच लिहून पुढे जाऊ नका. कोणत्या आकड्यामुळे थांबवला, किती वाजता कोणाला कळवलं आणि पुन्हा कधी सुरू करायचा, हे लिहा. ही शेवटची ओळ राहून गेली तर जुलाब थांबून पोटॅशियम जागेवर आल्यावरही मेटोप्रोलॉल बंदच राहतं.