पंधरा मिनिटांचा चहा म्हणे!

आभार मानायला उठलेल्या कार्यवाहांनी काल दोनशे लोकांसमोर माईकवरून सांगितलं, "निवेदिकाताईंकडून वेळेचं गणित जरा चुकलं, तरी आपण सांभाळून घ्याल." सांभाळून घ्याल! मी तिथेच कडेला उभी. हातात त्यांनीच आदल्या रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं चार पानी स्वागत-निवेदन. त्यातली एकही वेळ मी ठरवलेली नाही. चहाची एक सोडली, तर मी फक्त वाचली. पण वाचणारीचा आवाज लोकांच्या लक्षात राहतो, लिहिणाऱ्याचं नाव कोणाला माहीत असतं?

गणित म्हणताय ना, मग गणितच करू.

गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची दिवसभराची कार्यशाळा. म्हणजे सभागृहात सगळे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. दुसऱ्याच्या सभेत चुका काढायचा प्रत्येकाला वर्षानुवर्षांचा सराव. पहिल्या पानावर छापलंय: 10 ते 10:30 उद्घाटन. व्यासपीठावर खुर्च्या सात. एका पाहुण्याचं नाव, पद, सत्कार कोणाच्या हस्ते, शाल, श्रीफळ, गुच्छ आणि "इकडे बघा सर" म्हणणारा फोटोग्राफर, हे सगळं दीड मिनिटाच्या आत कोणी करून दाखवावं, मी त्याचाच सत्कार करीन. सात गुणिले दीड, साडेदहा मिनिटं. समईच्या पाच वाती पंख्याखाली पेटवायच्या आणि काडेपेटी ऐन वेळी शोधायची, ती पाच मिनिटं. प्रास्ताविक दहा. झाली साडेपंचवीस. आणि अजून सातपैकी चार जण "दोन शब्द" बोलायचे आहेत, अध्यक्षीय भाषण वेगळंच. उरलेल्या साडेचार मिनिटांत पाच भाषणं! प्रमुख पाहुणे वाटेत अडकलेले, ते मी धरलेलंच नाही. ते कायमच वाटेत असतात.

आणि या सगळ्याच्या आधी माझी चार पानं. साडेसहाशे शब्द. व्यासपीठावरून समजेल असं बोलायचं तर मिनिटाला एकशेवीस-तीस शब्दांच्या वर जाता येत नाही, म्हणजे निव्वळ सूचनांनाच पाच मिनिटं. त्यात पिवळं कूपन चहाचं, पांढरं जेवणाचं, अभिप्राय फॉर्म फोल्डरच्या मागच्या कप्प्यात, गाड्या मागच्या गल्लीत, प्रमाणपत्रं शेवटच्या सत्रानंतरच. सगळं सकाळी दहाला, एका दमात. दहाला सभागृहात माणसं किती? पहिल्या दोन रांगा राखीव म्हणून रिकाम्या, मागे जेमतेम चाळीस जण. बाकीचे नोंदणीच्या टेबलावर "माझं नाव यादीत कसं नाही" म्हणत भांडताहेत. मग अकरा वाजता मला चिठ्ठी येते: "कूपनचं परत सांगा." बाराला पुन्हा चिठ्ठी: "कूपनचं नीट सांगा." नीट म्हणजे कसं हो? गाऊन?

सकाळी लोकांना तीनच गोष्टी हव्या असतात: स्वच्छतागृह कुठे, बाहेर पडायचे दरवाजे कुठे आणि पहिली सुट्टी किती वाजता. कूपनचं जेवणाआधी एक मिनिट, फॉर्मचं शेवटच्या सत्राआधी. ज्या गोष्टीला हात लागणार आहे ती हात लागायच्या तोंडावर सांगायची. एवढं मी प्रत्येक आयोजकाला सांगते. प्रत्येक जण "बरोबर आहे मॅडम" म्हणतो आणि पाचवं पान जोडतो.

आता चहा. याच चहाने माझी अब्रू घेतली. निवेदनात वाक्य: "आता पंधरा मिनिटांचे चहापान." सभागृहाबाहेर एक टेबल, एक पिंप, एक पोरगा. तो चलाख होता, पाच सेकंदांत कप भरून पुढे सरकवत होता. दोनशे कप गुणिले पाच सेकंद, हजार सेकंद. म्हणजे सतरा मिनिटं. शेवटच्या माणसाच्या हातात कप पडतो तेव्हा तुमची सुट्टी संपून दोन मिनिटं झालेली असतात, आणि तो कप अजून प्यायचाय.

त्याहून मोठी गोष्ट बायकांच्या रांगेची. कार्यशाळेला सत्तर तरी बायका. स्वच्छतागृहात कप्पे तीन, त्यातल्या एकाला नळच नाही, दारात बादली आडवी ठेवलेली. उरले दोन. साडी, पर्स, पर्स अडकवायला खुंटी नाही, कडी लागत नाही म्हणून मैत्रीण दाराशी उभी. एकीला दोन मिनिटं लागतातच. पंधरा मिनिटांत दोन कप्प्यांतून पंधरा जणी होतात. निम्म्या बायका जरी गेल्या तरी पस्तीस मिनिटं हवीत. हा हिशोब कोणत्याही आयोजकाने कधी केलेला मी पाहिलेला नाही, कारण पुरुषांच्या बाजूला रांग नसते आणि कार्यक्रमपत्रिका त्या बाजूला तयार होते.

तर मी मुद्दाम निवेदनातलं वाक्य बदललं. सुट्टी "पंधरा मिनिटांची" असं कधी म्हणायचंच नाही. कारण प्रत्येकाची पंधरा मिनिटं तो स्वतःच्या हातात कप आल्यापासून मोजतो. म्हणायचं, "दुसरं सत्र बारा वाजता सुरू होईल." पुन्हा म्हणायचं, "बारा." बस. घड्याळातला एकच आकडा. मी तसं म्हटलं, आणि समोरून, माईक बंद असतानाही मला ऐकू येईल अशा आवाजात कार्यवाह ओरडले, "पंधराच मिनिटं, पंधराच! लगेच आत या!" झालं. निम्मे लोक बाराच्या हिशोबाने बाहेर, निम्मे पावणेबाराला आत येऊन जांभया देताहेत, आणि वक्ते माझ्याकडे बघताहेत. संध्याकाळी गणित कोणाचं चुकलं? ताईंचं.

जेवणाचंही सांगते, आता सुटलेच आहे तर. पंचेचाळीस मिनिटं दिलेली. टेबलं भिंतीला टेकवून लावलेली, म्हणजे रांग एकाच बाजूने. ताट, कोशिंबीर, चपाती, भाजी, वरण-भात, आणि जिलबीपाशी थबकणं: माणसामागे वीस सेकंद धरा. दोनशे माणसांना चार हजार सेकंद, एक तास सात मिनिटं, आणि तेही नुसतं ताट भरायला. मी केटररला म्हटलं, टेबलं भिंतीपासून हातभर पुढे ओढा, दोन्ही बाजूंनी चमचे ठेवा. तो कुरकुरला, "मॅडम, तुमचं काम माईकवर." ओढली शेवटी. वेळ निम्म्यावर आला, तेहतीस-चौतीस मिनिटं. तरी शेवटच्या माणसाने जेवायचं कधी? अकरा मिनिटांत? एक खजिनदार काका हात न धुताच सत्रात येऊन बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही दीड म्हणालात ना, म्हणून आलो." माझ्यामुळे माणूस वरणाच्या हाताने हिशोबतपासणीवरचं व्याख्यान ऐकतोय! डोळ्यांत पाणी आलं हो.

एक कबूल करते, या धंद्याने माझं डोकं कामातून गेलंय. परवा भाचीच्या बारशात सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "यानंतर आपण वळूया नामकरणाकडे." आत्या कानात कुर्र करायची थांबली. नवरा लग्नांच्या पंगतीत मला कोपराने ढोसतो, कारण मी ताटांच्या रांगेत घड्याळ लावून सेकंद मोजत असते. घरात पाहुणे आले की मी आधी स्वच्छतागृह दाखवते, मग पाणी विचारते. सासूबाईंना हे अजिबात रुचलेलं नाही.

पण एका गोष्टीवर मला हसू येत नाही. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: "आपत्कालीन प्रसंगी डाव्या व उजव्या बाजूच्या दरवाजांचा वापर करावा." कोणाची डावी? माझी की प्रेक्षकांची? म्हणून मी नेहमीप्रमाणे साडेनऊला दोन्ही दारं स्वतः जाऊन बघितली. उजवीकडचं उघडं. डावीकडच्या दाराला आतून कुलूप, कडीवर धूळ, समोर रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, आणि फटीतून पाहिलं तर पलीकडे केटररचे दोन सिलिंडर. पहारेकऱ्याला म्हटलं, उघडा. तो म्हणाला, "चावी साहेबांकडे. तुम्ही वाचा ना नुसतं, काय फरक पडतो?" दिल्लीत उपहार चित्रपटगृहाच्या आगीत 1997 साली 59 माणसं गेली. तिथेही बाहेर जायच्या वाटा अडवलेल्या होत्या. फरक पडतो! मी सांगितलं, दार उघडल्याशिवाय मी हे वाक्य वाचणार नाही आणि वाक्य वाचल्याशिवाय कार्यक्रम सुरू करणार नाही. दहाच्या पुढे वीस मिनिटं गेली. चावी आली, खुर्च्या हलल्या, सिलिंडर अंगणात गेले. मग मी मंचावरून हात करून दाखवलं, "तुमच्या डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या बाजूचं दार." कार्यवाहांनी आभारात मोजलेला माझा "वाया घालवलेला" वेळ म्हणजे ही वीस मिनिटं. याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

बाकी किरकोळ राग चालूच राहतात. माईकवर टकटक करून "ऐकू येतंय का?" विचारणारे. "वेळेअभावी थोडक्यात" म्हणून अर्धा तास घेणारे. भर सत्रात येऊन "पांढरी गाडी काढा, नंबर नाही माहीत" अशी चिठ्ठी देणारे; दोनशे माणसांतले तीस तरी पांढऱ्या गाडीवाले उठतात. आणि "करण्यात येत आहे, घेण्यात येत आहे" लिहिणारे. मोबाईल बंद ठेवण्याची नम्र विनंती करण्यात येत आहे म्हणे. अरे, मी करतेय ना, समोर उभी राहून!

आज सकाळी दुसऱ्या एका संस्थेचा फोन आला. पुढच्या महिन्यात दिवसभराचं शिबिर. गोड आवाज. "मॅडम, पत्रिका छापून झालीय, उद्घाटन पंधरा मिनिटांत उरकायचंय, तुम्ही फक्त सुंदर स्वागत करा." मी विचारलं, व्यासपीठावर खुर्च्या किती?

"अकरा. वाढू शकतात."