तारीख मागे घेऊन मुदत वाढत नाही

> "ऑफिसचं स्मार्ट कार्ड लॉगिन होत नाही? आयटीला फोन करत बसू नका!! १) कॉम्प्युटरची तारीख कार्ड चालू होतं तेव्हाची करा, लगेच चालेल. २) चिप खोडरबरने घासा. ३) रीडरचा ड्रायव्हर गूगल करून कुठूनही डाउनलोड करा. ४) पिन चुकला तरी टाकत राहा, रिस्टार्ट केलं की मोजणी शून्य होते. ५) कॉम्प्युटरमधली जुनी सर्टिफिकेटं सगळी उडवा. १००% खात्रीशीर, पुढे पाठवा."

सोमवारी सकाळी पावणेनऊला ताईचा फोन आला, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे कळलं. दाजी नाशिकच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहेत. तिथे कॉम्प्युटरवर लॉगिन करायला कार्ड आणि पिन लागतो. त्या दिवशी कार्ड चालेना, नेमका त्याच वेळी शाळेच्या ग्रुपवर वरचा मेसेज येऊन पडला, आणि दाजींनी पहिल्या मुद्द्यापासून चौथ्यापर्यंत सगळं इमानदारीत पार पाडलं. पाचव्याच्या आधी ताईने मला फोन केला, हे नशीब. मी पुण्यात गेली कित्येक वर्षं हेच काम करतो. घरातच हे असं होणार असेल तर लिहायलाच हवं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो केल्यावर काम झाल्यासारखं दिसतं. दाजींच्या स्क्रीनवर आधी हा संदेश येत होता:

```
No valid certificates were found on this smart card.
```

साध्या युजरला विंडोजमध्ये तारीख बदलता येत नाही. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या एका उत्साही पोराने थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरून तारीख एक वर्ष मागे नेली. मशीन सुरू झालं, कार्ड घातलं, आणि खरंच दाजींचं नाव स्क्रीनवर आलं, खाली पिनचा चौकोनही आला. दोघांनी टाळ्या दिल्या म्हणे. पिन टाकला, चक्र फिरलं, आणि लॉगिन नाकारलं गेलं.

आत काय घडलं ते सांगतो. लॉगिनची स्क्रीन कार्डावरची सर्टिफिकेटं, म्हणजे तुमची ओळख पटवणारे डिजिटल दाखले, वाचते आणि ज्यांची मुदत संपलीय ती दाखवतच नाही. ही चाळणी त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या घड्याळावर चालते. घड्याळ मागे नेलं की चाळणी फसते आणि नाव दिसतं. एवढंच. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इथपर्यंतच पाहिलं आणि "लगेच चालेल" लिहून मोकळा झाला. प्रत्यक्षात पिन बरोबर आला की कार्डातली चिप तिच्या आतल्या गुप्त किल्लीने एका विनंतीवर सही करते, आणि ती विनंती सर्टिफिकेटसकट कंपनीच्या डोमेन कंट्रोलरकडे, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं मंजूर करणाऱ्या सर्व्हरकडे, जाते. सर्टिफिकेटची मुदत तो सर्व्हर त्याच्या स्वतःच्या घड्याळावर तपासतो. त्या घड्याळाला दाजींच्या बायोसचं काय सोयरसुतक? घरातलं कॅलेंडर मागे उलटवून एस.टी.च्या कंडक्टरला जुना पास दाखवावा, तसला हा प्रकार.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर मायक्रोसॉफ्टचा घ्या. `Allow time invalid certificates` नावाची एक ग्रुप पॉलिसी, म्हणजे आयटीने कंपनीच्या मशीनना लावायची सेटिंग, आहे. ती चालू केली तर मुदत संपलेली सर्टिफिकेटं लॉगिन स्क्रीनवर दिसू लागतात. तिच्या वर्णनात स्वच्छ लिहिलंय की ही सेटिंग फक्त त्या मशीनवर सर्टिफिकेट दाखवायचं की नाही एवढंच ठरवते. ते चालण्यासाठी डोमेन कंट्रोलरने स्वीकारणं गरजेचंच आहे. म्हणजे जी गोष्ट अधिकृत सेटिंगनेही साधत नाही, ती बायोसच्या घड्याळाने साधणार, असा या मेसेजचा दावा आहे.

वर नुकसान वेगळंच. डोमेनवरच्या मशीनचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांत साधारण ५ मिनिटांचा फरक चालतो, ही केरबेरॉस या लॉगिन पद्धतीची नेहमीची मर्यादा. दाजींनी वर्षभराचा फरक करून ठेवला. ब्राउझरमध्ये धड चालणाऱ्या साइट्सही "सर्टिफिकेट अजून सुरू झालेलं नाही" म्हणून अडतात. त्या वेळात मशीनच्या लॉगमध्ये जे काही नोंदलं जातं ते मागच्या वर्षीच्या तारखेने. अकाउंट्सच्या टेबलावर हे ऑडिटरला कोण समजावणार? (हा मेसेज मुळात जीएसटी आणि टेंडरच्या यूएसबी टोकनवाल्यांकडून उसना घेतलेला दिसतो. तिथेही तारीख मागे करून केलेली सही म्हणजे खोटी तारीख घातलेला कागद. तो विषय वेगळा.)

चौथ्या मुद्द्याची माती पहिल्यामुळेच झाली. सर्व्हरने नाकारलं, तेव्हा दाजींचा पिन बरोबरच होता. पण त्यांना वाटलं पिन चुकला. मग त्यांनी मागचा पिन टाकला, मग त्याच्या मागचा, मध्ये एकदा रिस्टार्ट केलं, मग लग्नाची तारीख. कार्ड ब्लॉक. चुकीच्या पिनची मोजणी चिपच्या आत असते. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, कार्ड दुसऱ्या मशीनला लावा, ती तशीच राहते. मध्ये एकदा बरोबर पिन पडला तरच ती पूर्ववत होते. दाजींच्या कार्डाला तीनच संधी होत्या, आणि त्या तिन्ही गेल्या. नंतर कार्ड उघडतं ते आयटीकडच्या अनब्लॉक कोडने. त्या कोडलाही मोजक्याच संधी असतात. त्याही संपल्या तर कार्ड पुसून नव्याने भरावं लागतं आणि आतल्या किल्ल्या गेल्या त्या गेल्याच.

मूळ आजार काय होता? दाजींचा आग्रह होता की कार्डाची मुदत संपलेलीच नाही, "कार्डावर २०२८ छापलंय". ती तारीख प्लॅस्टिकच्या ओळखपत्राची. आतल्या सर्टिफिकेटची मुदत वेगळी असते, बहुतेक वेळा बरीच कमी. विंडोजच्या सर्टिफिकेट सर्व्हरमधल्या स्मार्ट कार्ड लॉगिनच्या तयार साच्यात ती १ वर्ष असते, आणि नूतनीकरणाची खिडकी शेवटच्या ६ आठवड्यांत उघडते. त्या ६ आठवड्यांत स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना येत होती का, असं विचारलं. दाजी जरा थांबून म्हणाले, "ते होय? ते मी रोज बंद करायचो."

त्या खिडकीत नूतनीकरण दोन मिनिटांचं काम आहे, कारण जुन्या, अजून चालू असलेल्या किल्लीने सही करून नवं सर्टिफिकेट मागता येतं. मुदत उलटली की तो रस्ता बंद. मग आयटीतल्या माणसाने ओळख पटवून नवं सर्टिफिकेट कार्डावर चढवायचं. "तोवर पासवर्डने जातो" हेही दरवेळी जमत नाही. खात्यावर "स्मार्ट कार्ड सक्तीचं" ही खूण असेल तर पासवर्डच्या जागी कोणालाच माहीत नसलेली रँडम किंमत बसवलेली असते. ती खूण काढून नवा पासवर्ड दिल्याशिवाय काही होत नाही. दाजींचं तसंच होतं. नुसतं सर्टिफिकेट असतं तर अर्ध्या तासात सुटलं असतं. आधी घड्याळ सरळ करा, मग पिन उघडा, मग सर्टिफिकेट, यात जेवणाची सुट्टी झाली.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ड्रायव्हर नसल्यामुळे कार्ड अडतं, हे होतं. पण बहुतेक यूएसबी रीडर सीसीआयडी या ठरलेल्या पद्धतीने बोलतात आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. नसतो तो बऱ्याचदा कार्डाचा, म्हणजे मिनिड्रायव्हर. मशीन नवं मिळालं किंवा फॉरमॅट होऊन आलं की हे हमखास दिसतं, आणि तेव्हा संदेशही वेगळा येतो:

```
The smart card requires drivers that are not present on this system.
```

डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडर नीट दिसतो आणि कार्डाच्या जागी `Unknown Smart Card` येतं. तिथे रीडरचा ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग शून्य. शंका असेल तर कार्ड शेजारच्या मशीनला लावून नुसतं पाहा, पिन टाकू नका. तिथे तुमचं नाव दिसलं तर दोष तुमच्या मशीनचा. तिथेही "सर्टिफिकेट नाही" म्हणाला तर मुदत तपासा. कोणाचं मशीन लॉगिन केलेलं असेल तर कार्ड लावून ही कमांड चालवता येते, पिन न विचारता:

```
certutil -scinfo -silent
```

त्यात `NotAfter` या ओळीसमोरची तारीख म्हणजे सर्टिफिकेटची मुदत. रीडरच दिसत नसेल तर गोष्ट तिथेच कळते. आधी वायर आणि दुसरा यूएसबी पोर्ट बघा.

आणि "कुठूनही डाउनलोड करा" हे लिहिणाऱ्याला तर हात जोडतो. ज्या मशीनवर तुम्ही पिन टाइप करणार, तिथे अनोळखी साइटवरचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमच्या पोटात शिरणारा प्रोग्रॅम, स्वतःच्या हाताने बसवायचा? मिनिड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा घ्यायचा आणि तो आयटीने बसवायचा.

खोडरबराचं म्हणाल तर चिप मळली असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसल्यावर कधी कधी कार्ड चालतं, हे मीही पाहिलंय. खोडरबराने मात्र वरचा सोनेरी मुलामा झिजतो. मुदत पुसून निघत नाहीच.

पाचवा मुद्दा निम्मा निरुपयोगी, निम्मा धोक्याचा. कार्डावरची सर्टिफिकेटं विंडोजची एक सेवा कार्ड घातल्यावर मशीनमध्ये पुन्हा आणून ठेवते, म्हणजे उडवून काही हाती लागत नाही. पण त्याच यादीत ज्यांची किल्ली मशीनवरच आहे अशी जुनी सर्टिफिकेटंही असतात, एन्क्रिप्ट केलेल्या मेलची किंवा फाइलींची. मुदत संपली तरी जुना मेल त्या जुन्याच किल्लीने उघडतो. ती गेली आणि बॅकअप नसेल, तर तो मेल कायमचा कुलूपबंद.

हे सगळं मी दाजींच्या ग्रुपवर थोडक्यात टाकायला लावलं. लगेच एकाने लिहिलं, "आमच्याकडे तारीख बदलून चाललं होतं." दाजींनी त्याला विचारलं, नाव दिसलं की पिन टाकून आत गेलास? निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.